लीड वाढतायत, विक्री घटतेय: एजन्सीला नेमकं काय विचारू?

उंबरठा (धागाकर्ती)

आमची छोटी कंपनी आहे. कारखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो. चार महिन्यांपूर्वी जाहिरातींचं काम एका एजन्सीकडे दिलं. दर महिन्याला रिपोर्ट येतो आणि त्यातला आलेख चढताच असतो. लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांच्या नोंदी, आधी 180, मग 260, 390 आणि गेल्या महिन्यात 520. जाहिरातीचा खर्च तेवढाच असल्यामुळे एका लीडमागचा खर्च जवळजवळ एक तृतीयांशावर आलाय.

याच चार महिन्यांत पक्क्या झालेल्या विक्री अशा: 22, 20, 15, 11.

विक्रीला आमची तीन माणसं आहेत. ती म्हणतात, "लीड कचरा आहेत." एजन्सी म्हणते, "लीड आणणं आमचं काम, विकणं तुमच्या टीमचं." मंगळवारी एजन्सीबरोबर बैठक आहे. मी तीन प्रश्न लिहून ठेवलेत: लीडची गुणवत्ता का घसरली? ती सुधारायला तुम्ही काय करणार? पुढच्या तिमाहीचं उद्दिष्ट काय? पण या प्रश्नांना गोड उत्तरं मिळतील आणि मी होती तिथेच राहीन असं वाटतंय. या कामातल्या लोकांनी कृपया सांगा.

सरळसोट

यात विचारण्यासारखं काही उरलंय का? 520 मधले निम्मे बॉट असणार. खर्च तेवढाच आणि लीड तिप्पट, हे आपोआप होत नाही. फॉर्मवर ओटीपी लावा, आकडा एका आठवड्यात खाली येईल. आणि एजन्सी बदला.

वर्गचालक

आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. मी ऑनलाइन कोडिंगचे वर्ग चालवते. दोन महिने चौकश्या वाढत होत्या आणि प्रवेश कमी होत होते. मी एजन्सीशी भांडून काम काढून घेतलं. मग मागच्या वर्षीची वही उघडली तर परीक्षांच्या काळात दरवर्षी असंच होत होतं. लोक चौकशी करून ठेवतात, पैसे नंतर भरतात. तुम्ही आधी मागच्या वर्षीचे तेच महिने बघा. आणि ब्लॉग लिहायला लागा, त्यातून येणारे लोक टिकतात.

उंबरठा

वर्गचालक, बघितलं. मागच्या वर्षी याच चार महिन्यांत विक्री 19 ते 24 च्या दरम्यान होती, उतार नव्हता. त्यामुळे हंगामाचं कारण आमच्याकडे लागू होत नाही. ब्लॉगचा विचार नंतर करेन, आत्ता ही गाठ सुटली पाहिजे.

हिशेबनीस

मी बरीच वर्षं एजन्सीत आकडे बघायचं काम केलं, आता कंपन्यांच्या बाजूने बसतो. तुमचे तिन्ही प्रश्न बदला असं सुचवेन, कारण त्यात "गुणवत्ता" हा शब्द आहे. त्यावर दोन तास मतं मांडता येतात आणि हाती काही लागत नाही.

तुमच्या आकड्यांत एक गोष्ट आहे, तिच्याकडे नीट बघा. समजा आधीचे 180 चांगले लीड तसेच येत राहिले आणि वर 340 वाईट लीडची भर पडली. मग काय दिसेल? विक्रीचं प्रमाण, म्हणजे शंभर लीडमागे किती विक्री, ते पडेल. पण विक्रीची संख्या 22 च्या आसपासच राहील. दुधात पाणी घातलं तर दूध पातळ होतं, पण आतलं मूळ दूध कमी होत नाही. तुमच्याकडे संख्याच निम्मी झालीय. त्यामुळे "वाईट लीडची भर पडली" हे उत्तर अपुरं आहे. एकतर चांगले लीड खरोखरच कमी झालेत, किंवा ते येतायत पण तुमच्या माणसांचा हात त्यांच्यापर्यंत वेळेत पोचत नाही. किंवा दोन्ही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: पहिल्या महिन्यातल्या 180 मध्ये काय काय मोजलं होतं आणि चौथ्या महिन्यातल्या 520 मध्ये काय काय मोजलंय? एकूण बेरीज नको, तुकडे हवेत. गूगलच्या जाहिरात खात्यात फॉर्म भरणं, डाउनलोड करणं अशा मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक कृतीपुढे `Primary` किंवा `Secondary` लिहिलेलं असतं. `Conversions` या रकान्यात साधारणपणे `Primary` कृतीच मोजल्या जातात, आणि जाहिरात दाखवण्यासाठी आपोआप बोली लावणारं गूगलचं यंत्रही त्यांच्याच मागे धावतं. मधल्या काळात एखादी नवी कृती `Primary` झाली असेल तर आकडा फुगतो, शिवाय पैसा त्या कृतीकडे वळतो. दुसरं नुकसान जास्त मोठं आहे.

खात्यात तुम्हाला स्वतःला शिरता येतं का? की फक्त पीडीएफ रिपोर्ट मिळतो?

उंबरठा

फक्त पीडीएफ. खातं एजन्सीने उघडलंय.

हिशेबनीस

मग सगळ्यात आधी फक्त बघण्यापुरता प्रवेश मागा. `Read only` असा पर्याय असतो. तुम्ही काही बिघडवू शकत नाही, त्यामुळे नकार द्यायला कारण उरत नाही. आत गेल्यावर `Change history` उघडा. कुठल्या मोहिमेचं बजेट कधी वाढलं, कधी कमी झालं, कुठली सेटिंग कुणी बदलली, हे तिथे तारखेनिशी दिसतं.

सरळसोट, बॉट असू शकतात, पण खर्च तेवढाच राहून लीड तिप्पट व्हायला बॉट लागतच नाहीत. फेसबुकवर अ‍ॅपच्या आतच उघडणारा फॉर्म असतो. त्यात नाव, फोन, ईमेल आधीच भरलेले असतात. माणूस दोनदा अंगठा टेकवतो आणि लीड तयार होतं. माणूस खरा असतो, पण तिथला त्याचा फोन नंबर कित्येकदा वर्षांपूर्वीचा असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपण काय भरलं ते आठवत नाही. ओटीपीने चुकीचे नंबर गळतील, पण इच्छा नसलेला माणूस गळेलच असं नाही.

सरळसोट

अडथळा घातला की हौशे-नवशे कमी होतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

हिशेबनीस

ते बरोबर आहे. फेसबुकवरच `Higher intent` नावाचा फॉर्म निवडता येतो, त्यात पाठवण्याआधी भरलेली माहिती पुन्हा दाखवून खात्री करून घेतात. लीड कमी येतात, महाग पडतात. पण एकूण लीडच्या आकड्यावर ज्याचं कौतुक होतं, तो हा पर्याय निवडणार नाही.

उंबरठा

प्रवेश मिळायला दोन दिवस गेले, पण मिळाला. पहिल्या महिन्यातले 180: साइटवरचा डेमोचा फॉर्म 134, माहितीपुस्तिकेचं डाउनलोड 46. चौथ्या महिन्यातले 520: डेमोचा फॉर्म 61, फेसबुकचा फॉर्म 248, पुस्तिका 140, व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर क्लिक 71.

डेमो मागणारे 134 वरून 61 वर आलेत, आणि हे मला कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसलं नव्हतं. हा आकडा वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

विक्रीतला

मी विक्रीची टीम सांभाळतो. व्हॉट्सअ‍ॅपचे 71 म्हणजे बटणावरचे क्लिक आहेत. त्यातल्या किती जणांनी खरंच मेसेज पाठवला ते तुमच्या फोनमध्ये मोजा. आमच्याकडे निम्मेही नव्हते. पुस्तिकेचे आकडेही तपासा, मोजणी `Every` वर असेल तर एकाच माणसाने तीनदा उतरवली की तीन धरतात. लीडसाठी `One` हवं.

पण मला दुसरं सांगायचंय. लोक विक्रीवाल्यांना आळशी समजतात. तीन माणसांच्या पुढ्यात 180 ऐवजी 520 नावं टाकली तर ती काय करणार? यादी वरून खाली फोन करत जाणार. डेमो मागणारा माणूस त्या यादीत कुठेतरी मधे असतो. त्याला फोन जाईपर्यंत तो दुसऱ्या कंपनीशी बोललेला असतो. डेमोच्या फॉर्मनंतर पहिला फोन किती वेळाने गेला, हे पहिल्या आणि तिसऱ्या महिन्याचं काढून बघा.

हिशेबनीस

हे मी लिहायला हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत.

उंबरठा, अजून एक करा. या महिन्याची विक्री याच महिन्याच्या लीडने भागू नका. पहिल्या फोनपासून पैसे येईपर्यंत तुमच्याकडे किती दिवस जातात?

उंबरठा

बहुतेक वेळा पाच-सहा आठवडे.

हिशेबनीस

मग चौथ्या महिन्यातल्या 11 विक्री बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या लीडच्या आहेत, आणि 520 ची खरी परीक्षा अजून व्हायचीय. सीआरएममधून, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवता त्या सॉफ्टवेअरमधून, लीड ज्या महिन्यात आलं त्या महिन्याप्रमाणे गट करा. प्रत्येक गटातल्या किती जणांनी आल्यापासून 45 दिवसांच्या आत खरेदी केली ते मोजा. सगळ्या गटांना सारखेच दिवस द्यायचे, नाहीतर जुना गट उगाच चांगला दिसतो. चौथा महिना सोडून द्या, तो अजून पिकलेला नाही. मग तिसऱ्या महिन्याचे स्रोताप्रमाणे तुकडे करा.

मोहीमकार

मी एजन्सीत मोहिमा चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ग्राहक आम्हाला कोण विकत घेतं ते सांगतच नाहीत. सीआरएम मागितलं तर "गोपनीय आहे" म्हणतात. आमच्यासमोर फक्त फॉर्म भरल्याची नोंद असते. मग आम्ही जे दिसतं तेच स्वस्त करत जातो. तुमच्या करारात आमच्या कामाचं माप काय लिहिलंय, ते वाचून सांगाल का?

उंबरठा

वाचलं. "प्रति लीड खर्च दर महिन्याला कमी करणे." हे वाक्य मीच सुचवलं होतं. "लीड" कशाला म्हणायचं, ते करारात कुठेच नाही.

मोहीमकार

तेच. डेमोच्या फॉर्मचं लीड महाग असतं, फेसबुकच्या फॉर्मचं स्वस्त. तुम्ही दिलेलं माप पाळायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गूगलवर शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या शोध-जाहिरातींचा पैसा काढून फेसबुककडे टाकणं. अर्थात चांगल्या एजन्सीने तुम्हाला हे सांगून केलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, ही त्यांची चूक, ती मी झाकणार नाही.

उंबरठा

शनिवार-रविवार यातच गेले. तिसऱ्या महिन्याच्या लीडचे 45 दिवस गेल्या आठवड्यातच पूर्ण झाले होते, त्यामुळे हिशेब लागला.

45 दिवसांतली विक्री: पहिल्या महिन्याच्या गटातून 17, दुसऱ्यातून 13, तिसऱ्यातून 9.

पहिल्या गटात डेमोच्या 134 मधून 16 विक्री, पुस्तिकेच्या 46 मधून 1. तिसऱ्या गटात डेमोच्या 82 मधून 8, फेसबुकच्या फॉर्मच्या 170 मधून 1, पुस्तिकेच्या 110 मधून शून्य, व्हॉट्सअ‍ॅपच्या 28 क्लिकमधून शून्य. त्या 28 पैकी 11 जणांनीच मेसेज पाठवले होते.

फेसबुकच्या फॉर्ममधल्या 40 जणांना मी स्वतः फोन केले. 11 नंबर बंद किंवा चुकीचे होते. 17 जणांना आपण काही भरल्याचं आठवत नव्हतं. 7 जण नोकरी शोधणारे किंवा विद्यार्थी निघाले. 5 जण खरे कारखान्यातले होते, त्यातल्या दोघांशी छान बोलणं झालं.

`Change history` मध्ये दिसलं की दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर शोध-मोहिमेचं बजेट कमी केलं आणि तिसऱ्या महिन्यात आणखी. पहिल्या महिन्यात एकूण खर्चाचा सुमारे 75 टक्के भाग तिथे जात होता, आता 30 टक्के जातो.

आणि पहिला फोन: डेमो मागणाऱ्याला पहिल्या महिन्यात साधारण 3 तासांत जायचा, तिसऱ्या महिन्यात 26 तासांनी.

सरळसोट

40 मधले 35 वाया. मी निम्मे म्हणालो होतो, ते कमीच पडलं.

विक्रीतला

वाया आहेत, पण बॉट नाहीत. माणसं आहेत, आणि माझ्यासारख्याला त्या प्रत्येकाशी बोलावं लागतं. वेळ तिथेच जातो.

हिशेबनीस

उंबरठा, तुम्ही चार महिन्यांचं कोडं दोन दिवसांत उकललंत.

आता आकडे वाचू या. डेमो मागणाऱ्या शंभरांमागे पहिल्या गटात जवळपास 12 विक्री, तिसऱ्यात जवळपास 10. जुन्याच दराने 82 मधून सुमारे 10 व्हायला हव्या होत्या, झाल्या 8. हा दोनचा फरक नशिबाचाही असू शकतो. 26 तासांमुळेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एकूण घट मात्र 17 वरून 9, म्हणजे 8 ची. त्यातला मोठा भाग, सहाच्या आसपास, डेमो मागणारेच 52 ने कमी झाले म्हणून आहे. म्हणजे आधी बजेट हललं, आणि कचरा त्याच्या मागून आला.

विक्रीतला

इथे मी सहमत नाही. 3 तासांचे 26 तास होतात आणि तुम्ही त्याला नशीब म्हणता? ज्याने डेमो मागितला तो त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी मागतो, हे मी रोज बघतो.

हिशेबनीस

परिणाम नाही असं मी म्हणत नाही. या 8 विक्रींवरून तो किती हे ठरत नाही, एवढंच. आणि फोन लवकर करायला सिद्धतेची वाट बघायची गरजही नाही. डेमोच्या फॉर्मची रांग वेगळी करा, ती आधी संपवा, मग बाकीचे.

मोहीमकार

एक शंका आहे. बजेट परत शोधाकडे नेलं की डेमोचे फॉर्म परत 134 होतीलच, असं गृहीत धरू नका. शोधणाऱ्यांची संख्या ठरलेली असते. कदाचित मागणीच कमी झाली असेल. मोहिमेत `Search lost IS (budget)` हा रकाना जोडा. पैसे अपुरे म्हणून आपली जाहिरात किती टक्के वेळा दिसू शकली नाही, ते तिथे कळतं.

उंबरठा

पहिल्या महिन्यात 12 टक्के होतं. आता 55 टक्के.

मोहीमकार

मग मागणी आहे आणि तुम्ही ती सोडून देताय. माझी शंका मागे घेतो, निदान बरीचशी. परत नेताना एकदम तिप्पट करू नका, दोन-तीन टप्प्यांत वाढवा, म्हणजे कुठे थांबायचं ते दिसेल.

उंबरठा

उद्या बैठक आहे. आधीचे तीन प्रश्न खोडले. आता हे विचारणार आहे:

चार महिन्यांत कुठल्या कृती `Primary` केल्या, कधी, आणि मला न सांगता का? शोध-मोहिमेचं बजेट कमी करताना डेमोचे फॉर्म घटतायत हे तुम्हाला दिसत होतं का, आणि दिसत असेल तर रिपोर्टमध्ये तो तुकडा वेगळा का दाखवला नाही? पुस्तिका आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण `Secondary` करायला काही अडचण आहे का? आणि आम्ही दर आठवड्याला विक्रीची माहिती द्यायला तयार आहोत, ती खात्यात परत कशी भरणार?

हिशेबनीस

शेवटच्या प्रश्नाची तयारी तुमच्या बाजूनेही लागेल. गूगलच्या जाहिरातीवरून माणूस साइटवर येतो तेव्हा पत्त्यात `gclid` नावाचा एक लांब कोड असतो. डेमोच्या फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना करून तो कोड सीआरएममध्ये नावाशेजारी साठवा. पुढे काय झालं ते त्याच कोडासह गूगलला परत कळवता येतं. क्लिकनंतर 90 दिवसांच्या आत कळवावं लागतं, तुमचे पाच-सहा आठवडे त्यात आरामात बसतात. आजवर कोड साठवला नसेल तर जुन्या विक्री या मार्गाने जोडता येणार नाहीत, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका.

फक्त "विक्री झाली" एवढंच कळवू नका. महिन्याला 11 घटनांवरून यंत्राला फारसं शिकता येत नाही. "डेमो प्रत्यक्ष झाला" ही मधली पायरी कळवा. ती जास्त वेळा घडते, आणि बटण दाबून खोटी पाडता येत नाही. तुमच्या माणसाने समोरच्याशी बोलल्यावरच ती नोंदवली जाते.

वर्गचालक

मीही आज आमच्या खात्यात शिरून बघितलं. आमच्याकडे "संपर्क" पान नुसतं उघडलं तरी लीड धरत होते. परीक्षांचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं असं आता वाटतंय.

उंबरठा

बैठक झाली. थोडक्यात सांगते. पहिल्या प्रश्नावर त्यांनी खात्यातल्या तारखा मान्य केल्या. पुस्तिका आणि बटण तिथल्या तिथे `Secondary` केलं. शोध-मोहिमेचं बजेट तीन टप्प्यांत वाढवायचं ठरलं. फेसबुकचा फॉर्म बंद करायला ते तयार नव्हते, आणि ते 5 जण आठवून मलाही तो पूर्ण बंद करावासा वाटला नाही. `Higher intent` करून महिनाभर बघणार आहोत. डेमोचे फॉर्म घटताना दिसत होते का, यावर "एकूण आकडा वाढत होता म्हणून लक्ष गेलं नाही" असं उत्तर आलं. ते मला पटलेलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

करार मात्र अडलाय. मी म्हणाले, मोबदला पक्क्या विक्रीवर ठरवू. ते म्हणाले, तुमची माणसं 26 तासांनी फोन करतात त्याची शिक्षा आम्हाला का?

मोहीमकार

यात ते बरोबर आहेत. झालेल्या डेमोवर ठरवा.

विक्रीतला

डेमोवर ठरवलं तर उद्या ते डेमोला बसणारी, पण कधीच न घेणारी माणसं आणतील. मी हे बघितलंय. डेमोचा अर्धा तास आमचा जातो.

हिशेबनीस

मग "डेमो झाला" ही नोंद तुमच्या टीमनेच करायची, आणि कारखाना स्वतःचा आहे का, यंत्रं किती, निर्णय कोण घेणार, हे विचारून झाल्यावरच करायची. तरी भांडणं होतील. एजन्सी म्हणेल, तुम्ही मुद्दाम कमी नोंदवता.

उंबरठा

ते आजच म्हणाले. शुक्रवारी पुन्हा बसतोय, तोवर डेमोची वेगळी रांग सुरू केलीय. काल आलेल्या चारही जणांना दोन तासांच्या आत फोन गेला.